दोन पायांचा सौदा, रास्त भावात

समजा, एका शेअरचा एक कॉल घ्यायचा आणि वरच्या स्ट्राइकचा विकायचा आहे. ऑप्शन चेनमध्ये पहिल्याचा बिड ४०, आस्क ४४ दिसतो. दुसऱ्याचा १८ आणि २१. मधले भाव ४२ आणि १९.५०, म्हणजे जोडीची रास्त किंमत २२.५०. पण मार्केट ऑर्डर टाकली तर ४४ ला घेऊन १८ ला विकावे लागते आणि जोडी २६ ला पडते. ५०० च्या लॉटवर १,७५० रुपये सौदा होतानाच गेले.

म्हणून आधी चाळणी लावावी. ओपन इंटरेस्ट नगण्य असलेले स्ट्राइक प्रथम वगळावेत. मग बिड-आस्कमधील अंतराला मधल्या भावाने भागावे. इथे ते साडेनऊ आणि पंधरा टक्के येते. पाच टक्क्यांची मर्यादा ठेवली तर दोन्ही बाद.

ओपन इंटरेस्ट एकटा फसवतो. तो उभे सौदे मोजतो, आत्ता समोर कोणी आहे का हे सांगत नाही. जुने सौदे अडकून पडलेल्या स्ट्राइकवर आकडा मोठा आणि अंतरही मोठे दिसते. अशा वेळी अंतराचेच ऐकावे.

चाळणीतून उरलेल्या जोडीलाही लिमिट ऑर्डरच लावावी. दोन्ही पाय वेगवेगळे टाकत असाल तर कमी उलाढालीचा आधी भरावा. दुसरा सहज मिळतो.