आडनाव मागे, नाव पुढे

शाळा-कॉलेजांच्या याद्यांत आडनाव आधी येते: अगरकर अजित भालचंद्र, गावसकर सुनील मनोहर, तेंडुलकर सचिन रमेश, रहाणे अजिंक्य मधुकर. नाव पुढे आणायचे तर पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा शब्द उचलून शेवटी ठेवायचा. यादी A स्तंभात असेल, तर शेजारच्या स्तंभात हे सूत्र लिहावे:

```
=MID(TRIM(A2),FIND(" ",TRIM(A2))+1,100)&" "&LEFT(TRIM(A2),FIND(" ",TRIM(A2))-1)
```

TRIM जादा मोकळ्या जागा काढते. ‘दाते पाटील’सारखे दोन शब्दी आडनाव मात्र तुटते आणि ‘पाटील’ नावाच्या जागी येऊन बसते. म्हणून अशी आडनावे आधीच जोडरेघेने बांधावीत.

आता क्रम लावल्यावर अजिंक्य, अजित, सचिन, सुनील असे येतात. ‘जि’पर्यंत दोन्ही नावे सारखीच, पण पुढचा अनुस्वार ‘त’च्या आधी लागतो, म्हणून रहाणे अगरकरांच्या पुढे जातात. ‘क्षितिज’ कुठे जाईल, हे आधी ठरवावे. पाठ्यपुस्तकात क्ष शेवटी असतो, पण अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांनुसार लावल्यास तो ‘क’च्या नावांत येतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रम लावताना पूर्ण ओळी निवडाव्यात. एकच स्तंभ हलवला, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात आणि यादी वरवर निर्दोषच दिसते. जुना स्तंभ राखून चार-पाच ओळी ताडून पाहाव्यात.