आजोबांचे घड्याळ, नातवाचे जाकीट

ठाण्यातील एका तरुण अभियंत्याला आजोबांच्या लाकडी पेटीत चांदीच्या कवचाचे खिशातले घड्याळ सापडले. सोबत साखळीही होती. चावी दिल्यावर ते सुरू झाले आणि घरातल्या सर्वांना हर्ष झाला. धाकट्या भावाच्या साखरपुड्याला त्याने ते मोठ्या कौतुकाने झब्ब्याच्या बाजूच्या खिशात ठेवले. साखळी खिशाबाहेर नुसतीच रुळत होती, कारण ती कोठे अडकवायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. जेवणाच्या वेळी तो खुर्चीवर बसला, झब्बा मांडीवरून घसरला, खिशाचे तोंड आडवे झाले आणि घड्याळ फरशीवर पडले. काच शाबूत राहिली. कवचाला साधा पोचाही आला नाही. मात्र त्या दिवसापासून घड्याळ उताणे ठेवले की चाले आणि पालथे केले की थांबे.

घड्याळजीने मागचे झाकण उघडून भिंगातून पाहिले आणि तत्काळ निदान केले. घड्याळाच्या पोटात सतत मागेपुढे झुलणारे जे तोलचाक असते, त्याच्या आसाचे एक टोक मोडले होते. हे टोक सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचे, म्हणजे केसासारखेच असते आणि रत्नखड्याच्या बारीक छिद्रात फिरते. अलीकडच्या यांत्रिक मनगटी घड्याळांत हे खडे लवचीक स्प्रिंगवर बसवलेले असल्याने धक्का पचतो. खिशातल्या जुन्या घड्याळांपैकी बहुतेकांत अशी सोय नसते. त्यामुळे टेबलाच्या उंचीवरून पडणेही त्यांना पुरते. एका स्थितीत चालणारे आणि दुसऱ्या स्थितीत थांबणारे घड्याळ ही आस मोडल्याची नेहमीची खूण. जुना सुटा भाग मिळत नसल्याने घड्याळजीला लहान लेथवर नवा आस घडवावा लागला आणि दुरुस्तीला दोन महिने गेले.

साखळी दागिना म्हणून नंतर, लगाम म्हणून आधी

कोट आणि वेस्टकोटाच्या काळात या घड्याळाची जागा ठरलेली होती. वेस्टकोटाच्या कमरेजवळच्या लहान खिशात घड्याळ, त्याच उंचीवरच्या काजात साखळीचे दुसरे टोक. ही साखळी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या नावाने ‘अल्बर्ट’ म्हणून ओळखली जाते. तिच्या एका टोकाला घड्याळाच्या कडीत अडकणारा फिरकीचा हूक आणि दुसऱ्या टोकाला एक आडवी दांडी असते. दुहेरी अल्बर्टमध्ये दांडी मधोमध येते. एका बाजूला घड्याळ राहते आणि दुसऱ्या बाजूला किल्ली, मोहोर किंवा पदक असे एखादे लटकन.

या दांडीचे काम समजून घेतले की पर्यायी पोशाखाचा अर्धा प्रश्न सुटतो. दांडी काजातून उभ्या कडेने आत सरकवायची आणि आत गेल्यावर आडवी करायची. ताण पडला की ती साखळीच्या दिशेशी काटकोन करून राहते. वेस्टकोटाची काजे आडवी असतात आणि साखळीही खिशाकडे आडवीच जाते. म्हणून दांडी काजामागे उभी राहते आणि बाहेर येऊ शकत नाही. सदऱ्याची किंवा झब्ब्याची काजे मात्र बहुधा उभी असतात. तेथे दांडी नेमकी काजाच्या रेषेत येते आणि हिसका बसताच निसटते. झब्ब्याच्या छातीवर ऐटीत लावलेली साखळी जेवणाच्या पंगतीत अचानक लोंबू लागते, त्याचे कारण हे.

ब्लेझरच्या कॉलरपट्टीवरील काजातही हीच अडचण येते. तेथून साखळी खाली छातीच्या खिशाकडे जाते, म्हणजे दांडी पुन्हा काजाला समांतर होते. त्यासाठी दांडीऐवजी चपटी चकती किंवा बटण असलेली वेगळी, आखूड साखळी असते. ती चांगली दिसते आणि नीट धरतेही. मात्र छातीच्या खिशाला एक दोष कायमचा आहे. चपलेचा पट्टा बांधण्यासाठी किंवा थोरांच्या पाया पडण्यासाठी माणूस वाकला की खिशाचे तोंड खाली होते. साखळी घड्याळाला फरशीवर पडू देत नाही, पण ते लोलकासारखे झुलून टेबलाच्या कडेवर आपटू शकते. पाया पडण्याच्या समारंभांत म्हणूनच कमरेजवळचा खिसा बरा. वाकतानाही तो फारसा उलटा होत नाही. साखळी अशी निवडावी की खिसा आणि काज यांच्यामध्ये तिची हलकी झोळ पडेल. फार लांब साखळी घड्याळाला पडायला तेवढीच जास्त उंची देते.

जाकिटाचा खिसा

ठाण्याच्या त्या अभियंत्याला लग्नासाठी वेस्टकोट शिवायचा नव्हता. मे महिना होता. त्याने आपले नेहमीचे बिनबाह्यांचे जाकीट शिंप्याकडे नेले. जाकिटाचे खालचे खिसे अनेकदा नुसते दिखाऊ असतात किंवा इतके मोठे असतात की घड्याळ आत आडवे लोळते. घड्याळ सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचे आणि दीड सेंटिमीटरपर्यंत जाड होते. शिंप्याने डाव्या बाजूच्या खिशातच मऊ सुती कापडाचा एक छोटा खिसा शिवला. तोंड साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि खोली अशी की घड्याळ तळाला टेकल्यावर फक्त त्याची कडी वर दिसावी. खिसा तोंडाशी किंचित निमुळता ठेवल्याने घड्याळ हाताने काढल्याशिवाय निघेना. जाकिटाची काजे आडवी असल्याने आजोबांचीच साखळी उपयोगी पडली. घड्याळ डावीकडे ठेवल्याने उजवा हात मोकळा राहिला.

जाकीटही नको असेल तर विजारीकडे वळावे लागते. जीन्सच्या उजव्या खिशात जो चिमुकला खिसा असतो, तो मुळात घड्याळासाठीच होता. लेवी स्ट्रॉसच्या कामकरी विजारींवर तो एकोणिसाव्या शतकापासून दिसतो. आज मात्र तो बऱ्याचदा इतका अरुंद शिवलेला असतो की मोठे घड्याळ त्यात कोंबावे लागते आणि बसताना मांडीच्या घडीत दाबले जाते. लहान घड्याळ असेल आणि साखळी पट्ट्याच्या लूपला क्लिपने अडकवली असेल तर चालेल. कोंबावे लागत असेल तर तो नाद सोडलेला बरा. महात्मा गांधींनी तर खिशाचाच प्रश्न मिटवला होता. त्यांचे इंगरसोल घड्याळ दोऱ्याने कमरेला लटकत असे आणि ते अनेक छायाचित्रांत दिसते.

चामड्याची पट्टी किंवा फितीला पदक लावलेले लटकन खिशाबाहेर सोडण्याची तऱ्हा पुन्हा दिसू लागली आहे. ती रुबाबदार असली तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. असे लटकन कपड्याला कोठेही जोडलेले नसते. ते केवळ घड्याळ बाहेर ओढण्याची मूठ असते आणि ती मूठ लोकलच्या गर्दीत शेजाऱ्याच्याही हाताशी असते. प्रवासात घड्याळ मऊ कापडात गुंडाळून, लहान कडक डबीत, पिशवीच्या आतल्या कप्प्यात न्यावे आणि स्थळी पोचल्यावर लावावे.

लावण्यापूर्वी पाहायच्या जागा

साखळी मजबूत असली तरी ती ज्यात अडकते ती कडी झिजलेली असू शकते. घड्याळाच्या मानेवरची ही कडी दोन्ही बाजूंच्या खाचांत नुसती बसवलेली असते आणि अनेक दशकांच्या हालचालीने तिची टोके व खाचा झिजतात. गादीवर हात टेकवून, एका हाताने घड्याळ व दुसऱ्याने कडी धरून हळुवार ओढावी आणि दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. ती बाजूला सरकत असेल किंवा एक टोक खाचेतून डोकावत असेल तर साखळी कितीही दणकट असली तरी भरवसा ठेवू नये. साखळीच्या हुकाची जीभही दाबून सोडावी. ती आपणहून टचकन बंद व्हायला हवी. साखळीच्या ज्या दोन कड्या एकमेकींवर घासतात त्या आतून पातळ होतात. भिंग नसले तरी प्रकाशात धरल्यावर हे दिसते.

घड्याळ खिशात ठेवताना काच शरीराकडे आणि धातूची पाठ बाहेर ठेवणे चांगले. टेबलाची कड किंवा दाराची कडी लागली तर मार पाठीवर जातो. त्याच खिशात नाणी, किल्ल्या आणि विशेषतः मोबाइल नको. मोबाइलच्या स्पीकरमध्ये आणि झाकणाच्या कव्हरमध्ये चुंबक असतात. तोलचाकाची केसासारखी पोलादी कमान चुंबकित झाली की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागते. घड्याळ लहान होकायंत्राजवळ नेल्यावर सुई थरथरली किंवा ओढली गेली तर ही शंका घ्यावी. घड्याळजीकडे चुंबकत्व घालवण्याचे यंत्र असते आणि काम काही क्षणांत होते.

झाकणाच्या घड्याळाची एक खास खोड आहे. चित्रपटांतल्याप्रमाणे ते टपकन मिटण्याचा मोह होतो. परंतु प्रत्येक वेळी पोलादी अडकण चांदी किंवा सोन्याच्या मऊ कडेवर आदळते आणि कड झिजते. पुढे झाकण खिशात आपोआप उघडू लागते. मिटताना वरचे बटण दाबून धरावे, झाकण बोटाने टेकवावे आणि मग बटण सोडावे.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे घड्याळ घराबाहेर न काढणे हाच उपाय. त्याच्या कवचात दमट हवा सहज शिरते, पोलादी भागांवर गंज धरतो आणि काचेच्या आतून वाफ दिसू लागली तर उशीर न करता घड्याळजीला दाखवावे. उन्हाळ्यातही घामाने ओला झालेला खिसा तितकाच वाईट. लावून झाल्यावर कवच मऊ कोरड्या कापडाने पुसून ठेवावे.

लग्नाच्या दिवशी त्या अभियंत्याने सकाळी अंगावर चढवण्यापूर्वीच घड्याळाला चावी दिली, दांडी काजात अडकवली, साखळीला एक हिसका देऊन पाहिला आणि मगच घड्याळ खिशात सोडले. दिवसभरात तो किमान पन्नास वेळा वाकला. घरी परतल्यावर घड्याळ मोबाइलच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे मागे होते.