‘चविष्ट’ म्हणजे नेमकं कसं?

छोट्या हॉटेलाचं मेनूकार्ड छापायला टाकताना विशेषणांची उधळण होते. स्वादिष्ट मिसळ, चविष्ट थालीपीठ, रुचकर पिठलं-भाकरी, लज्जतदार भरलं वांगं. आता यांची अदलाबदल करून पाहा: लज्जतदार मिसळ, रुचकर थालीपीठ. काही बिघडलं? नाही. कारण मुळात त्या शब्दांनी पदार्थाबद्दल काही सांगितलेलंच नव्हतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे 6,500 मेनूकार्डांवरचे साडेसहा लाख पदार्थ संगणकावर तपासले. 2014 साली आलेल्या पुस्तकात त्यांनी मांडलेला निष्कर्ष गमतीचा आहे. ‘चविष्ट’, ‘झकास’ अशा मोघम शब्दांचा वापर महागड्या ठिकाणी कमी दिसतो. वर्णनात असा एकेक शब्द वाढला की पदार्थाची किंमत सरासरी 9 टक्क्यांनी कमी आढळते. शब्दामुळे भाव पडतो असं नव्हे. पण जेवण चांगलं असणार हे जिथे गृहीतच धरलेलं असतं, तिथे ते बोलून दाखवावं लागत नाही.

मराठीत याला उत्तम पर्याय आहे. खमंग, खुसखुशीत, कुरकुरीत, झणझणीत हे शब्द पदार्थ कसा केला आणि तोंडात कसा लागेल ते सांगतात. खुसखुशीत म्हणजे मोहन नीट पडलेलं, दाताखाली सहज विरणारं. कुरकुरीत म्हणजे मोडताना आवाज करणारं. चकली खुसखुशीत हवी, पापड कुरकुरीत.

थालीपीठाचंच घ्या. ‘चविष्ट थालीपीठ’ खोडून ‘भाजणीचं खमंग थालीपीठ, सोबत लोणी आणि दही’ असं लिहिलं की गिऱ्हाइकाला ताटच दिसतं. मात्र मग धान्यं आणि डाळी खरंच वेगवेगळ्या भाजून दळलेल्या हव्यात. कच्ची पिठं एकत्र करून थापलं, तर तव्यावर कितीही लाल केलं तरी भाजणीचा तो वास येत नाही, आणि पहिल्याच घासाला पिठूळपणा कळतो. ‘कुरकुरीत भजी’ घरपोच पाठवतानाही हीच अडचण: बंद डब्यात वाफ धरते आणि भजी वाटेतच मऊ पडतात. पार्सलच्या कार्डावर तो शब्द न छापलेलाच बरा.

‘तोंडाला पाणी सुटेल असं’ हे तर माझ्या मते निव्वळ जागा अडवणं. ‘कैरीचं आंबट-गोड सार’ एवढं वाचलं तरी पाणी सुटायचं ते सुटतंच. आंबटाच्या नुसत्या आठवणीनेही लाळ येते.

झणझणीत हा शब्द मात्र जपून वापरावा. तो जाहिरात आहे तसा इशाराही आहे. लेकराला घेऊन आलेली बाई तो वाचून पान उलटते. तिच्यासाठी मिसळीखाली ‘कट वेगळा मिळेल’ एवढी एक ओळ पुरते.