फक्त अनारसेच?

साधारण 32-33 महिन्यांनी पंचांगात अधिक महिना येतो आणि घरोघरी जावयांचे दिवस पालटतात. 2026 साली 17 मे ते 15 जून असा अधिक ज्येष्ठ आला. लेक-जावयाला जेवायला बोलावायचं, पुरणाचे धोंडे करायचे, पाटावर बसवून ओवाळायचं आणि तबकात 33 अनारसे किंवा बत्तासे, जोडीला दिवा ठेवून वाण द्यायचं. ऐपत असेल तो चांदीचं निरांजन देतो, नसेल तो तांब्याचं ताम्हन देतो. हल्ली यात एक विधी वाढला आहे. तबकासकट फोटो काढायचा आणि त्याखाली चार शब्द लिहून तो सगळ्यांना दाखवायचा.

त्या चार शब्दांनी घरं कशी दुखावतात, हे पाहायचं तर एक ओळ तपासायला घेऊ. नवा जावई पाटावर बसलाय, समोर अनारशांचं तबक, शेजारी बायको, मागे पदर सावरत उभ्या सासूबाई. जावयाने खाली लिहिलं: ‘तीन वर्षांची वसुली! यंदा फक्त अनारसेच?’

मित्रांना ही ओळ आवडणारच, कारण ती नुसती वाचून ते हसत नाहीत. ओळीत नसलेल्या गोष्टीही त्यांना ठाऊक असतात. या गड्याने लग्नात काही घेतलं नाही, हॉलचं निम्मं भाडं स्वतः भरलं, मानपानाचा विषय निघाला तेव्हा हात जोडले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. असा माणूस ‘वसुली’ म्हणतो, यातच सगळी गंमत आहे. ज्याला ही मागची हकीकत माहीत नाही, त्याच्या हातात उरतं ते एवढंच: जावई, वसुली, ‘फक्त’ आणि प्रश्नचिन्ह.

सासऱ्यांना हकीकत माहीत नाही असं नाही. पण त्यांच्या बाजूला एक निराळी हकीकत आहे, जी मित्रांना माहीत नाही. महिनाभर आधी घरात अंगठीचा विषय निघाला होता, सोन्याचा भाव पाहून तो मागे ठेवला होता आणि ‘जावई समजूतदार आहेत’ असं म्हणून दोघांनी मनाची समजूत घातली होती. नेमक्या त्याच जागी ‘फक्त’ हा शब्द जाऊन लागतो. तरीही ते एकटे असते तर कदाचित सोडून देते. पण संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन येतो, ‘काय दादा, काही कमी पडलं का?’ मुलीच्या चुलत सासूचा निरोप येतो. ओळ आता दोघांमधली राहिलेली नसते. ती भावकीत फिरत असते आणि भावकीपुढे आपलं घर कमी पडलं, ही गोष्ट त्या पिढीतल्या माणसाला अनारशांच्या संख्येपेक्षा फार मोठी वाटते.

मग आठवड्याभरात अंगठी येते. माझ्या मते अशा विनोदाचं खरं नुकसान रुसव्या-फुगव्यात नसून इथे आहे. मोठी माणसं पुष्कळदा रागावत नाहीत, ती ओळ मागणी समजून पुरी करून टाकतात. हुंडा मागणं 1961च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. ‘आम्हाला काही नको’ म्हणणाऱ्या सभ्य घरांतूनही सूचक बोलून मागायची रीत मात्र टिकून राहिली. ‘तुमच्या मुलीला हौसेने काय द्याल ते द्या’ हे वाक्य ज्यांनी स्वतःच्या आणि बहिणींच्या लग्नांत ऐकलं आहे, त्यांचे कान आडून केलेली मागणी ओळखायला तयार झालेले असतात. त्यांना विनोदबुद्धी नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते चूक आहे. त्यांचा अनुभव तसा आहे.

थट्टा आपल्या सोयरिकीत नवी नाही. उलट ती कोणी, कोणाची, कुठे करायची याची फार बारीक व्यवस्था आपल्याकडे होती. मेहुणीने जोडे लपवावेत, नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळावा, विहिणींनी एकमेकींना टोमणे मारावेत, वहिनीने दिराला चिडवावं. सासरा आणि जावई, सासू आणि सून यांच्यात मात्र अदब. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 साली अशा थट्टेच्या नात्यांवर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लग्नाने जोडलेल्या माणसांत जवळीकही असते आणि ताणही. तो ताण काही नात्यांत थट्टेने सांभाळला जातो, तर काही नात्यांत अंतर राखून. अंतराच्या नात्यात थट्टेची भाषा शिरली की ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेलच याची खात्री राहत नाही.

आणि जिथे सासरची टर उडवायची मुभा होती, तिथे ऐकणारे ठरलेले असत. भोंडल्याच्या गाण्यांत सासू, नणंद, दीर कोणीच सुटत नाही. जात्यावरच्या ओव्यांतही सासुरवासाचं गाऱ्हाणं आहेच. पण भोंडल्याचा फेर बायकामुलींचा, ओवी पहाटेच्या अंधारात. ते बोल सासूच्या कानावर पडले तरी गाण्यातली सासू ही सगळ्यांची सासू होती, नाव घेऊन, फोटो लावून दाखवलेली एक नव्हती. फोटोखालच्या ओळीत हा आडोसा नसतो. सासूबाई मागे उभ्या आहेत, चेहरा स्पष्ट दिसतो आहे आणि ओळ त्यांच्याबद्दल आहे.

त्यात लिहिणाऱ्याचा एक भ्रम असतो. आपण लिहितो तेव्हा स्वतःचा हसरा आवाज आपल्याला मनात ऐकू येत असतो, म्हणून समोरच्यालाही तो ऐकू जाईल असं वाटतं. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली अमेरिकेत यावर प्रयोग प्रसिद्ध केले. उपहासाची आणि गंभीर अशी दोन्ही प्रकारची वाक्यं ईमेलने पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटलं, साधारण 78 टक्के वेळा सूर बरोबर ओळखला जाईल; प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळाच ओळखला गेला. नाणं उडवून सांगितलं तरी 50 टक्के जमतं, हे लक्षात घेतलं की हे यश किती तोकडं आहे ते कळेल.

‘मग फक्त मित्रांनाच दाखवतो’ हा तरुणांचा नेहमीचा तोडगा. तो निम्माच चालतो. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला My contacts except... असा पर्याय आहे, इन्स्टाग्रामवर Close Friends ची वेगळी यादी करता येते. पण यादी आपण एकदा करतो आणि नाती वाढत राहतात. बायकोचा मावसभाऊ मित्र म्हणून यादीत येतो, त्याची आई तीच आपली मावससासू. स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकायला काही क्षण पुरतात आणि स्टेटस 24 तासांनी गेलं तरी तो राहतो. शिवाय ‘माझ्यापासून लपवलं होतं’ हे कळलं की दुखणं दुप्पट होतं. आणखी एक अडचण आहे. खुलासा ओळीच्या शेवटी लिहिला, तर इन्स्टाग्राम सुरुवातीचाच मजकूर दाखवून बाकीचा मिटून ठेवतं. ‘वसुली’ सगळ्यांना दिसते आणि ‘गंमत हं, सासरची माणसं सोन्यासारखी आहेत’ हे कोणी उघडून वाचत नाही.

परवानगी विचारण्याचाही फार उपयोग होत नाही. ‘असं टाकू का?’ म्हटल्यावर सासरे ‘टाका की, आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणणार. जावयाला नाही म्हणायची त्यांना सवयच नाही. त्यापेक्षा ओळ त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून पाहावी. वाचताना आवाज खाली गेला, किंवा ‘म्हणजे मला असं म्हणायचंय’ असं तोंडातून निघालं, की ती ओळ गेली. वाचायची हिंमतच होत नसेल तर प्रश्न आणखी लवकर मिटला.

याचा अर्थ ‘सासूबाईंचे मनःपूर्वक आभार’ असली गुळगुळीत ओळच लिहावी असा नाही. ती कोणी वाचत नाही, सासूबाईसुद्धा. आपल्या ओळीतला विनोद टिकवून तिची दिशा बदलता येते. मूळ ओळीत देणाऱ्याचं कमी निघतं आणि घेणारा वर बसतो. हे उलटं केलं की काम झालं: ‘सासूबाईंनी मोजून 33 आणले. फोटो काढेपर्यंत 29 उरले. आरोपी पाटावर बसलेला आहे.’ मित्र हसतील, सासरे हसतील आणि अनारसे छान झाले होते ही बातमी भावकीत आपोआप जाईल. किंवा हे पाहा: ‘33 अनारसे तुपात सोडले, एकही हसला नाही. हसतोय तो मीच.’ अनारसा तुपात विरघळून फिसकटला की तो हसला म्हणतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, इतकं करूनही अनारसा हसतो. म्हणून ही ओळ सासूबाईंना कोणत्याही आभारापेक्षा जास्त आवडेल. त्यांच्या कामातलं काहीतरी जावयाने नीट पाहिलं, एवढं त्यातून कळतं.

सुनांच्या ओळींनाही हाच हिशेब लागू आहे. ‘दोनशे पोळ्या लाटल्यावरचं हे हसू खरं नाही’ असं लिहिलं तर सासर सुनेला राबवतं असं दिसतं. ‘पोळ्या सासूबाईंच्या, सहा माझ्या, फोटोत पुढे मी’ असं लिहिलं तर थट्टा स्वतःची होते. काही विषयांत मात्र दिशा बदलूनही भागत नाही. आहेरात आलेली साडी, लग्नाचा खर्च, कोणाचं आजारपण, माहेर-सासरची तुलना. ‘या साडीचं काय करू, सुचवा’ लिहिणारीला ती साडी देणारी आत्या यादीत आहे हे हमखास आठवत नाही. हे विषय सोडून द्यावेत.

ओळ गेलीच आणि लागलीच, तर ती काढून टाकावी. तिच्या जागी हसरा चेहरा चिकटवू नये आणि जाहीर माफीची दुसरी ओळ तर मुळीच लिहू नये, नाहीतर ज्यांनी पहिली पाहिली नव्हती तेही विचारू लागतात. फोन जावयाने स्वतः करावा, बायकोला मध्ये घालू नये. ‘तुमचा गैरसमज झाला’ असं न म्हणता ‘मी चुकीचं लिहिलं, काढून टाकलंय’ इतकंच बोलावं. आणि हा फोन त्याच दिवशी करावा. अंगठी घरात आल्यावर केलात तर ती परत देणंही अवघड होऊन बसतं, कारण परत केलेली अंगठी सासऱ्यांना लहान वाटली म्हणून परत केल्यासारखीच दिसते.