बहात्तर जणांची ग्रामसभा

‘ग्रामसभेची गणपूर्ती किती?’ असं विचारलं की मुलं पाठ केलेलं उत्तर लिहून मोकळी होतात. त्याऐवजी प्रसंग द्यावा: गावात 600 मतदार, ग्रामसभेला 72 हजर, तरीही सरपंचांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. हे बरोबर आहे का?

महाराष्ट्रात एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. इथे 90 हवेत. म्हणजे सभा तहकूब करायला हवी होती.

मग उपप्रश्न: मतदार 1200 असते तर? 180 लिहिणाऱ्याने ‘यांपैकी कमी’ हे शब्द वाचलेच नाहीत; उत्तर 100. प्रसंगात मात्र ‘बेकायदा’ शब्द नको, नाहीतर उत्तर आयतंच मिळतं.