तीनशेच्या हॉलमध्ये नेमकी किती माणसं बसतात?

हॉल ठरवायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती माणसं मावतात?' समोरून उत्तरही चटकन येतं, 'तीनशे.' हा आकडा खोटा नसतो. पण तो कसा काढला आहे, हे विचारायचं राहून जातं. साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद हॉल म्हणजे २४०० चौरस फूट. खुर्च्या नुसत्या रांगेत मांडल्या तर माणशी साधारण ८ चौरस फूट लागतात. भागाकार केला की तीनशे येतात. या हिशेबात स्टेज नाही, दारापुढची मोकळी जागा नाही, जेवणाचे काउंटर तर नाहीतच. त्याच हॉलमध्ये टेबलं आली की आकडा झरझर खाली येतो.

म्हणून माणसं मोजण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. आलेल्या माणसांनी बघायचं कुणाकडे, आणि त्यांच्या हातांना काय काम आहे? सगळ्यांनी एकाच वक्त्याकडे बघायचं असेल आणि हात मोकळे असतील, तर नाटकासारख्या रांगा पुरतात. त्याला थिएटर मांडणी म्हणतात. लिहायचं असेल तर पुढ्यात टेबल हवं, ती क्लासरूम. जेवायचं आणि गप्पा मारायच्या तर गोल टेबलं. सगळ्यांनी एकमेकांचे चेहरे बघत चर्चा करायची असेल तर यू-शेप. एका पतसंस्थेचे वर्षभरातले चार कार्यक्रम आपल्या ६० बाय ४० च्या हॉलमध्ये मांडून बघू, म्हणजे फरक लक्षात येईल.

वार्षिक सभा : थिएटर

सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभासद अहवाल ऐकतात, हात वर करतात, प्रश्न विचारतात. लिहिण्याचं काम फारसं नसतं, त्यामुळे थिएटर मांडणी योग्य.

आता जागा मोजू. स्टेज १२ फूट खोल धरा. स्टेज आणि पहिली रांग यांत ६ फूट मोकळे हवेत, नाहीतर पुढच्यांना मान वर करून बसावं लागतं. मागे दारांपुढे आणखी ६ फूट. साठातून हे चोवीस गेले, उरले ३६. खुर्चीच्या पाठीपासून मागच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत ३ फूट ठेवले तर बारा रांगा होतात. रुंदीत दोन्ही भिंतींलगत चार-चार फुटांची आणि मधोमध पाच फुटांची वाट ठेवली की २७ फूट उरतात. एका खुर्चीला सुमारे २० इंच लागतात, म्हणजे मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ खुर्च्या. सोळा गुणिले बारा, १९२. तीनशेच्या हॉलमध्ये सभेसाठी नीट बसणारी माणसं इतकीच.

उरलेली शंभर माणसं बसवायची म्हणून पहिला घाव वाटांवर पडतो. गर्दी वाढली की कार्यकर्ते मधल्या वाटेत खुर्च्या टाकतात. मग माइक प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, एखाद्या आजोबांना बाहेर जायचं तर अख्खी रांग उठते, आणि काही विपरीत घडलं तर बाहेर पडायला रस्ताच राहत नाही. आपल्या मांडणीत दोन्ही टोकांना वाट आहे, त्यामुळे कुणालाही जास्तीत जास्त तीन माणसं ओलांडावी लागतात. हे प्रमाण मोडू देऊ नये.

दुसरी अडचण जमिनीची. नाट्यगृहाला उतार असतो, कार्यक्रमाच्या हॉलला नसतो. त्यामुळे सरळ रेषेत खुर्च्या लावल्या की प्रत्येकाला पुढच्याचं डोकं दिसतं. यावर फुकटचा उपाय म्हणजे एक रांग सोडून एक रांग अर्धी खुर्ची सरकवायची. मागच्याची नजर पुढच्या दोघांच्या मधून जाते.

प्रशिक्षण : क्लासरूम

पतसंस्थेच्या साठ कर्मचाऱ्यांना नवी संगणक प्रणाली शिकवायची आहे. वही, कागद, पाण्याची बाटली, काहींचे लॅपटॉप. सहा फुटी टेबलामागे दोन माणसं आरामात बसतात. तिसरा बसू शकतो, पण लॅपटॉप असतील तर कोपराला कोपर लागतो. टेबल दीड फूट रुंद आणि मागे खुर्ची सरकवून उठण्यासाठी साडेतीन फूट, म्हणून एका रांगेला ५ फूट लागतात.

इथे स्टेजची गरज नाही. पुढे स्क्रीन आणि शिकवणाऱ्यासाठी १० फूट, मागे ५ फूट सोडले तर नऊ रांगा बसतात. मधली आणि कडेच्या वाटा धरून प्रत्येक रांगेत चार टेबलं, म्हणजे आठ माणसं. एकूण बहात्तर. साठांची सोय झाली असं वाटतं, पण खरी अडचण इथेच सुरू होते.

आकड्यांचे तक्ते वाचायचे असतील तर शेवटचा माणूस स्क्रीनच्या उंचीच्या सहापटीपेक्षा फार लांब नसावा, असा एक उपयोगी नियम आहे. छत फार उंच नसलेल्या हॉलमध्ये स्क्रीन साधारण ६ फूट उंचीचाच लागतो, कारण त्याची खालची कड डोक्यांच्या वर, जमिनीपासून ४ फुटांवर तरी हवी. सहा सक छत्तीस. आपली शेवटची रांग मात्र पन्नास फुटांच्या पलीकडे आहे. नऊपैकी पाचच रांगांना तक्ता नीट वाचता येईल. मागच्या चार रांगांतली माणसं अर्ध्या तासात मोबाइल काढतात, ते कंटाळ्यामुळे नव्हे. त्यांना दिसतच नसतं.

उपाय असा की हॉल आडवा वापरायचा. स्क्रीन साठ फुटांच्या लांब भिंतीवर लावायचा. आता खोली ४० फूट. पुढचे १० आणि मागचे ५ सोडून पाच रांगा होतात. रुंदीत चार वाटा ठेवूनही सात टेबलं बसतात. पाच गुणिले सात गुणिले दोन, सत्तर. मधल्या टेबलांवर शेवटचा माणूस आता स्क्रीनपासून ३३-३४ फुटांवर आला.

आडव्या मांडणीची किंमतही आहे. पहिल्या दोन रांगांच्या टोकांना बसलेल्यांना स्क्रीन इतका तिरका दिसतो की अक्षरं लागत नाहीत. ती चार टेबलं काढून टाकावीत, आणि मागच्या कोपऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना एकेक मोठा टीव्ही मागावा. उरली बासष्ट माणसांची जागा. आपले साठ जण त्यात बसतात आणि सगळ्यांना वाचता येतं.

गुणगौरव आणि स्नेहभोजन : गोल टेबलं

सभासदांच्या पाल्यांचा गुणगौरव आणि त्यानंतर जेवण, हा पतसंस्थांचा आवडता कार्यक्रम. पाच फुटी गोल टेबलाभोवती आठ जण बसतात, प्रत्येकाच्या वाट्याला टेबलाची सुमारे दोन फूट कड येते. सहा फुटी टेबलावर दहा बसतात, पण समोरच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. कुटुंबं असतील तर पाच फुटीच घ्यावं.

दोन टेबलांच्या कडांमध्ये ५ फूट ठेवायचे असतात. दोन्हीकडच्या खुर्च्यांना दीड-दीड फूट, आणि मधे ताट घेऊन जाणाऱ्याला दोन फूट. म्हणजे एका टेबलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १० फूट. आपल्या हॉलमध्ये बुफेसाठी एका लांब बाजूला १० फुटांचा पट्टा जातो, कारण काउंटर, त्यामागे उभे वाढपी आणि समोरची रांग या तिघांनाही जागा लागते. स्टेजला १० फूट. उरलेल्या ३० बाय ५० फुटांत तीन-तीन टेबलांच्या पाच ओळी, म्हणजे पंधरा टेबलं आणि एकशेवीस माणसं.

मात्र गोल टेबलाच्या आठ खुर्च्यांपैकी तीन तरी स्टेजकडे पाठ करून असतात. जेवणात त्याचं काही वाटत नाही. गौरवाचा कार्यक्रम तासभर चालणार असेल तर ती माणसं आधी मान वळवतात, मग खुर्ची वळवतात, आणि वाट बंद होते. त्यामुळे लांबलेल्या कार्यक्रमात स्टेजकडच्या तीन खुर्च्या ठेवूच नयेत. या अर्धगोल मांडणीत टेबलामागे पाच, म्हणजे एकूण पंच्याहत्तर माणसं बसतात. जास्त माणसं असतील तर गौरव थिएटर मांडणीत आणि जेवण दुसऱ्या जागेत, असे दोन भाग करावेत. मंगल कार्यालयात अक्षता पडतात एका दालनात आणि पंगत बसते दुसऱ्यात, त्यामागे हाच हिशेब आहे.

संचालकांची बैठक : यू-शेप

वीस माणसांनी कर्ज धोरणावर चर्चा करायची तर टेबलं इंग्रजी यू अक्षरासारखी लावतात. तळाला दोन सहा फुटी टेबलं, दोन्ही हातांना चार-चार. सगळे बाहेरच्या बाजूला बसतात, अध्यक्ष तळाशी, आणि उघड्या तोंडाशी स्क्रीन. मधे ८ ते १० फूट मोकळी जागा ठेवली की माहिती सांगणारा आत येऊन प्रत्येकासमोर उभा राहू शकतो.

ही मांडणी पंचवीस-तीस माणसांपुढे टिकत नाही. हात लांबत गेले की एकाच बाजूला बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसेनासे होतात. कोण बोलतंय हे बघायला माणसं टेबलावर पुढे वाकू लागली, की यू फार लांब झाला असं समजावं. माणसं वाढली म्हणून आतल्या बाजूला खुर्च्या टाकल्या तर आतल्यांची पाठ स्क्रीनकडे किंवा समोरच्यांकडे होते आणि चर्चेचा हेतूच हरतो. शिवाय आपला २४०० फुटांचा हॉल वीस माणसांना फार मोठा, आवाज घुमतो. त्याऐवजी २५ बाय ४० फुटांच्या आसपासची खोली मागावी, किंवा हॉलला सरकती भिंत असेल तर ती ओढून घ्यावी.

बुकिंगच्या आधी

हॉल बघायला जाल तेव्हा मोजपट्टी नसली तरी चालेल. बऱ्याच हॉलमध्ये दोन फुटी फरश्या असतात. एक फरशी मोजून खात्री केली की लांबी-रुंदीतल्या फरश्या मोजून माप निघतं. खांब कुठे आहेत ते बघा, त्यामागच्या खुर्च्या हिशेबातून वगळा. जिथे शेवटची रांग येणार तिथे खुर्ची टाकून बसा आणि स्टेजकडे बघा.

एकाच दिवशी सकाळी सभा आणि संध्याकाळी जेवण असेल तर मांडणी बदलायला दोन-तीन तास मोकळे ठेवा आणि तेवढी माणसं हॉलवाल्याकडे आहेत का ते विचारा. मग बुकिंगच्या कागदावर 'तीनशे माणसं' असं न लिहिता 'थिएटर, १९२ खुर्च्या, मधली वाट पाच फूट, स्टेज १२ फूट' असं लिहून घ्या. सोबत कागदावर काढलेला साधा आराखडा जोडा. आदल्या रात्री खुर्च्या मांडणाऱ्या माणसाच्या हातात तोच आराखडा असला पाहिजे, कारण तुमच्याशी बोललेला व्यवस्थापक त्या वेळी तिथे असेलच असं नाही.