हजार फुटांवरचा निर्णय

२२ मे २०१०. दुबईहून रात्री निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ मंगळुरूजवळ आलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. सहा किलोमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसत होतं आणि विमानात कसलाही बिघाड नव्हता. सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात ते टेकडीवरच्या धावपट्टीच्या टोकावरून दरीत कोसळलं. विमानात १६६ माणसं होती, त्यांतली आठ वाचली.

चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालाने अपघाताचं थेट कारण स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे. अप्रोच ‘अनस्टॅबिलाइज्ड’ असूनही कॅप्टनने तो सोडून दिला नाही. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं आणि कॉकपिटमधली यंत्रंही ओरडत होती, तरी त्याने विमान खालीच नेलं.

स्टॅबिलाइज्ड अप्रोच म्हणजे धावपट्टीकडे येणारं विमान शेवटच्या टप्प्यात घडी बसल्यासारखं येणं. बहुतेक धावपट्ट्यांकडे उतरण्याची वाट तीन अंशांच्या उताराची असते. म्हणजे एक सागरी मैल पुढे गेलं की साधारण तीनशे फूट खाली यायचं. ७३७ सारखं विमान १४० नॉटच्या आसपास वेगाने येत असेल, तर ते मिनिटाला सुमारे सातशे फूट उतरतं. या हिशेबाने धावपट्टीपासून हजार फूट उंचीवर असताना वैमानिकाच्या हातात जेमतेम दीड मिनिट उरलेलं असतं.

या हजार फुटांना वैमानिक ‘गेट’ म्हणतात. तिथे पोचेपर्यंत चाकं खाली आलेली हवीत, फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत उघडलेले हवेत आणि चेकलिस्ट वाचून झालेली हवी. विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत आणि उताराच्या वाटेवर असलं पाहिजे, इतकं की पुढे किरकोळ दुरुस्त्याच लागाव्यात. त्या दिवशीच्या वजनाला ठरलेल्या वेगापेक्षा वेग कमी चालत नाही आणि वीस नॉटहून अधिक जास्तही चालत नाही. उतरण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत हवा. ढगाळ हवेत हे सगळं हजार फुटांवर जुळलेलं असावं आणि स्वच्छ हवेत पाचशेवर, असं फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने सुचवलेलं आहे. पण हवा कशीही असो, हजारच धरायचे, असा नियम अनेक कंपन्यांनी करून टाकला आहे. यातली एकही गोष्ट जुळली नसेल तर उतरायचं नाही. इंजिनांना पूर्ण ताकद द्यायची, नाक वर करायचं, फ्लॅप एक पायरी मिटायचे, विमान चढतंय याची खात्री झाली की चाकं आत घ्यायची आणि फेरा मारून पुन्हा यायचं. यालाच गो-अराउंड म्हणतात.

या यादीत वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल अशी एक अट आहे. इंजिनांची ताकद त्या टप्प्याला साजेशी हवी, ती अगदी खाली ओढलेली नसावी. जेट इंजिन ‘आयडल’ला असताना थ्रॉटल पुढे ढकललं म्हणून लगेच जोर मिळत नाही. आतलं चक्र वेग घ्यायला काही सेकंद जातात. विमान प्रमाणित करतानाच्या चाचणीत यासाठी आठ सेकंद धरतात. मिनिटाला सातशे फुटांनी उतरणारं विमान तेवढ्यात नव्वदेक फूट खाली येतं, तर चार हजार फुटांच्या दराने पडणारं पाचशेहून जास्त. जे विमान उंच आणि वेगात आहे, त्याची इंजिनं नेमकी आयडललाच असतात, कारण वैमानिकाला ताकद कमी करायची असते. ज्याला जोराची गरज सर्वांत आधी पडणार, त्यालाच तो सर्वांत उशिरा मिळतो.

आता मंगळुरू. गडबड हजार फुटांवर सुरू झाली नव्हती, तिचं मूळ बरंच मागे होतं. मंगळुरूचं रडार त्या काळात बंद होतं, त्यामुळे नियंत्रक विमानांची स्थानं विचारून, ठरावीक अंतरं राखून वाहतूक चालवत होते. साधारण १३० मैलांवर असताना सहवैमानिकाने खाली येण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. प्रत्यक्षात विमान ३७ हजार फुटांवरून उतरायला लागलं ते ७७ मैलांवर. दर हजार फुटांना तीन मैल, हा वैमानिकांचा तोंडी हिशेब. त्याप्रमाणे शंभरापेक्षा जास्त मैल हवे होते. तरीही हे सावरता आलं असतं. पंखांवरचे स्पीडब्रेक उघडता येतात, चाकं लवकर बाहेर काढता येतात, नाहीतर सरळ एक चक्कर मागून घेता येते. पण ध्वनिमुद्रणाच्या दोन तास पाच मिनिटांपैकी पहिला एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला होता. गाढ झोपेतून उठल्यावर डोक्यावर जी जडशीळ पेंग असते, तिचा त्याच्या निर्णयावर परिणाम झाला असावा, असं अहवाल म्हणतो.

उंची आणि वेग हे एकाच खात्यातले पैसे आहेत. खंडाळ्याचा घाट उतरणारा भरलेला ट्रक ब्रेक न लावता उतरेलही आणि हळूही होईल, असं होत नाही. प्रवासी जेट तर इतकं गुळगुळीत असतं की नाक खाली केलं की वेग वाढतो आणि वेग मारायला नाक उचललं की उंची जात नाही. मंगळुरूच्या विमानाची उंची त्या टप्प्यावर हवी होती त्याच्या जवळजवळ दुप्पट होती. विमानतळ अडीच मैलांवर आला तेव्हा रेडिओ अल्टिमीटरने ‘अडीच हजार’ पुकारलं. खरं तर तिथे विमान हजाराच्या आत असायला हवं होतं. सहवैमानिक म्हणाला की आपण फार उंच आहोत, धावपट्टी सरळ खाली आहे. कॅप्टनने ऑटोपायलट काढून विमान खाली ढकललं. उतरण्याचा दर मिनिटाला चार हजार फुटांच्या घरात गेला. ‘सिंक रेट’, ‘पुल अप’ अशा सूचना वाजू लागल्या. सहवैमानिकाने गो-अराउंडचे शब्द पुन्हा उच्चारले, ‘अनस्टॅबिलाइज्ड’ हा शब्दही उच्चारला. दरम्यान टॉवरने विचारलं, तुम्ही वाटेवर व्यवस्थित आला आहात का? उत्तर गेलं, होय. मग टॉवरने उतरण्याची परवानगी दिली.

धावपट्टीच्या सुरुवातीवरून जाताना विमान पन्नास फुटांवर असायला हवं होतं, ते सुमारे दोनशेवर होतं. वेग १४४ नॉट ठरलेला, प्रत्यक्षात तो १६० च्या वर होता. इथे थोडं गणित करण्यासारखं आहे. तीन अंशांच्या उतारावर उंची दहा फुटांनी जास्त असेल, तर जमिनीला टेकण्याची जागा सुमारे दोनशे फूट पुढे सरकते. दीडशे फूट जास्त म्हणजे जवळपास तीन हजार फूट धावपट्टी हवेतच गेली. वेगाचा हिशेब वेगळा आहे, कारण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १४४ चे १६० होणं ऐकायला अकरा टक्के वाटतं, पण ब्रेकना जवळपास पावपट जास्त ऊर्जा जिरवावी लागते. शिवाय जास्त वेगातलं विमान जमिनीवर लगेच बसत नाही, थोडा वेळ तरंगत राहतं. हे विमान टेकलं ते सुमारे ५,२०० फुटांवर. धावपट्टी होती ८,०३३ फुटांची.

आणि तरीही विमान थांबू शकलं असतं. पूर्ण ब्रेक आणि रिव्हर्स लावून धरले असते तर उरलेल्या पट्टीत ते थांबलं असतं, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. पण रिव्हर्स उघडल्यानंतर काही सेकंदांत कॅप्टनने मन बदललं आणि पुन्हा उडायचा प्रयत्न केला. बोइंगच्या नियमांत याला सक्त मनाई आहे. रिव्हर्स एकदा उघडले की जमिनीवरच राहायचं. म्हणजे दीड मिनिट आधी ज्या गो-अराउंडने सगळे वाचले असते, त्याच गो-अराउंडने आता उरलीसुरली संधीही घालवली.

मला या नियमाचं खरं मर्म इथे दिसतं. पन्नास फुटांवर ‘जमेल की नाही’ हे ठरवणं कुशल वैमानिकालाही अवघड असतं, कारण तोवर धावपट्टी समोर आलेली असते आणि डोळ्यांना फक्त तीच दिसते. डोकं उरलेली बाजू बघणं सोडून देतं. म्हणून निर्णय उचलून हजार फुटांवर नेला आहे. तिथे वेळ आहे, उंची आहे, आणि प्रश्न कौशल्याचा उरत नाही, फक्त आकडे बघायचे असतात. वेग अमुक, दर तमुक. जुळतो किंवा जुळत नाही. कनिष्ठ वैमानिकालाही त्यामुळे बोलायला आधार मिळतो. ‘सर, तुमचं चुकतंय’ म्हणणं आपल्याकडे किती जड जातं ते वेगळं सांगायला नको. ‘अनस्टेबल, गो अराउंड’ हा मात्र नुसता पुस्तकातला शब्द आहे. पण मंगळुरूला तो शब्द उच्चारूनही उपयोग झाला नाही. सहवैमानिकाने ताबा घ्यावा की नाही, याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, हेही अहवालाने नोंदवलं. दोनदा सांगूनही उत्तर आलं नाही तर कंट्रोल हातात घ्यायचे, ही शिकवण आज वैमानिकांना दिली जाते.

तरी हे पाळलं जातंच असं नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं की शंभरांतले साधारण तीन-चार अप्रोच अनस्टेबल असतात आणि त्यांतल्या सुमारे ९७ टक्के वेळा वैमानिक तसेच उतरतात. बहुतेकदा काही बिघडत नाही, आणि ‘मागच्या वेळी जमलं होतं’ हा अनुभव गाठीशी जमा होतो. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी पावसात, पाठीवर वारा घेऊन, त्याच कंपनीचं विमान अशाच टेबलटॉप धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं. सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं. २१ जण गेले.

गो-अराउंडही अगदी निर्धोक नसतो. अचानक मिळालेल्या जोराने विमान वेग घेतं तेव्हा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला नाक फारच वर गेल्याचा भास होतो. अंधारात किंवा ढगात असलेला वैमानिक तो भास खरा मानून नाक खाली दाबू शकतो. म्हणून सिम्युलेटरमध्ये या फेऱ्याचा सराव करून घेतात. इंधन जळतं, वेळ जातो, पुढच्या विमानांची रांग विस्कटते, प्रवासी घाबरतात. हा सगळा खर्च कंपन्या मान्य करतात, आणि कित्येक कंपन्यांच्या पुस्तकांत तर लेखी असतं की गो-अराउंड घेतला म्हणून वैमानिकाला जाब विचारला जाणार नाही. विचारणा उलट बाजूने होते. प्रत्येक उड्डाणाची नोंद संगणकातून जाते आणि हजार फुटांवरचे आकडे जुळत नसताना जो उतरला, त्याला सुरक्षा विभागाचा फोन येतो.